नळदुरुस्तीचा व्हिडिओ लिहिताना

गळक्या नळाचा व्हिडिओ बघणारा माणूस कामात असताना तो बघतो. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केलेला असतो, घरातले पाणी कधी येणार म्हणून विचारत असतात, मोबाइल साबणदाणीला टेकवून ठेवलेला असतो आणि हात ओले असतात. अशा माणसाच्या कानावर जे वाक्य आधी पडते ते तो आधी करतो. ‘आता स्पिंडल सैल करा, अर्थात पाणी बंद केल्याशिवाय हे करू नका’ हे वाक्य कागदावर वाचताना खटकत नाही. बाथरूममध्ये मात्र त्याच्या पूर्वार्धालाच पाना फिरलेला असतो आणि उत्तरार्ध येईपर्यंत पाणी छताला लागलेले असते. या व्हिडिओची संहिता लिहिण्याचा पहिला नियम एवढ्यात आला: निवेदनाचा क्रम हा हातांचा क्रम असला पाहिजे, आणि इशारा नेहमी कृतीच्या आधीच्या वाक्यात आला पाहिजे.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. कॅमेरा वस्तू दाखवतो, फिरवण्याची दिशा दाखवतो. पण ‘किती घट्ट’ हे त्याला दाखवता येत नाही. पान्यावर किती जोर लावला, रबर दाबले गेल्याचे बोटांना कसे कळले, आटा वाकडा बसत होता हे कसे जाणवले, यातले पडद्यावर काहीच येत नाही. ते सगळे निवेदनाने सांगायचे असते. निवेदक डोळ्यांना दिसणारेच पुन्हा बोलत राहिला तर व्हिडिओ लांबतो आणि नेमके हवे ते राहून जाते.

उदाहरण म्हणून एकच नळ घेऊ: भिंतीतून बाहेर आलेला, अर्ध्या इंचाचा, क्रोमचा मुलामा दिलेला पितळी नळ. मूठ बरेच फेरे फिरवून बंद करायचा आणि बंद केल्यावरही तोंडातून ठिबकणारा. याची रचना फार जुनी आहे. स्क्रूने वरून दाबून बंद होणाऱ्या या नळाचे पेटंट इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने 1845 साली घेतले. नळाच्या पोटात पितळेची एक गोल कडा असते, तिला सीट म्हणतात. मूठ फिरवली की स्पिंडल खाली उतरते आणि त्याच्या टोकाचा रबरी वॉशर त्या कडेवर दाबून बसतो. पाणी अडते ते फक्त रबर आणि पितळ यांच्या त्या वर्तुळाकार भेटीवर. रबर कडक झाले, त्याला चीर गेली, मध्ये वाळूचा कण अडकला किंवा कडेलाच खाच पडली, की त्या जागेतून थेंब वाट काढतो.

म्हणून व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बघणाऱ्याला एवढे कळायला हवे की हा व्हिडिओ त्याच्या नळासाठी आहे की नाही. बहुतेक व्हिडिओ इथे आपली ओळख करून देण्यात वेळ घालवतात. मी इथे हे लिहीन:

*दृश्य: नळ समोरून, तोंडातून थेंब पडतो. नंतर हात मूठ फिरवतो, कट न करता.*
*निवेदन: तुमच्या नळाची मूठ फिरवून बघा. पाव फेऱ्यातच ती अडली, तर तुमच्या नळात वॉशर नाही, सिरॅमिकच्या चकत्या आहेत. त्याची दुरुस्ती वेगळी असते. मूठ दोन-तीन फेरे फिरत असेल, तर पुढे बघा.*

*दृश्य: तीन क्लोजअप. नळाचं तोंड, मुठीखालचा भाग, भिंतीला लागलेला भाग.*
*निवेदन: पाणी नेमकं कुठून येतंय? तोंडातून येत असेल तर वॉशर किंवा सीट. नळ चालू असतानाच मुठीखालून पाझरत असेल तर वरचं पॅकिंग. भिंतीजवळ ओल असेल तर आट्यावरची टेप. आज आपण फक्त पहिलं काम करणार आहोत.*

हे क्लोजअप घेताना नळ आधी कोरडा पुसावा. ओल्या नळावर पाणी सगळीकडेच चमकते आणि गळतीची जागा ओळखू येत नाही. शक्य असेल तर मुठीच्या मुळाशी टिश्यू पेपर गुंडाळून तो भिजतो का हे दाखवावे. ते पडद्यावर स्पष्ट दिसते.

आता पाणी बंद करण्याचा भाग. इथे संहितेने घाई करू नये, कारण खरा धोका इथेच आहे. इमारतीच्या गच्चीवर किंवा डक्टमध्ये व्हॉल्व्हची रांग असते. चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला तर शेजाऱ्यांचे पाणी जाते आणि आपला नळ वाहताच राहतो. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर तोच गळका नळ पूर्ण उघडून ठेवायला सांगायचे. पाइपातले उरलेले पाणी निघून जाऊन धार थांबली पाहिजे. धार बारीक होऊनही सुरूच राहिली, तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी स्पिंडलला हात लावायचा नाही. वर्षानुवर्षे न फिरवलेला जुना गेट व्हॉल्व्ह पान्याने जबरदस्तीने फिरवू नये, हेही इथेच सांगायला हवे. त्याचा आतला दांडा तुटला तर नळाचे काम बाजूला राहते आणि सगळ्या मजल्याचे पाणी बंद होते.

गिझरचा मुद्दा बरेच जण विसरतात. घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला की गिझरला येणारे थंड पाणीही थांबते. गिझरचे बटण चालू राहिले आणि आत पाणी नसले तर त्याचे एलिमेंट जळू शकते. त्यामुळे आधी गिझरचा स्विच बंद, मग व्हॉल्व्ह बंद. काम झाल्यावर याच्या उलट: आधी व्हॉल्व्ह उघडायचा, गरम पाण्याच्या नळातून पाणी नीट वाहू लागले की मगच गिझर चालू करायचा. हे वाक्य दोनदा येऊ द्यावे, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. व्हिडिओच्या मधूनच सुरुवात करणारे कितीतरी जण असतात.

चित्रीकरण करणाऱ्यासाठीही संहितेच्या समासात एक सूचना हवी. बाथरूममध्ये दिव्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणायचा नाही, मोबाइलही चार्जिंगला लावून ठेवायचा नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा पुरतो. ओली फरशी, उघडा बोर्ड आणि हातात धातूचा पाना हे एकत्र येता कामा नये.

हत्यारांचे क्लोजअप घेताना ती एका टेबलावर ओळीने मांडून एकदाच फिरवलेला कॅमेरा बघणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. त्याला हवे असते ते हत्यार कुठे लागते आणि घरात ते नसेल तर काय चालेल. म्हणून मी प्रत्येक हत्यार त्याच्या कामाच्या जागेशी जोडून दाखवीन. स्क्रू ड्रायव्हरचे टोक मुठीतल्या स्क्रूच्या फटीत बसलेले दाखवायचे आणि सांगायचे की टोक फटीच्या रुंदीचे हवे, नाहीतर फट खाऊन जाते आणि स्क्रू निघत नाही. ॲडजस्टेबल पान्याचे जबडे षटकोनी भागावर दोन्ही बाजूंनी सपाट टेकलेले दाखवायचे. तिथे मध्ये केसाएवढी फट राहिली तरी कोपरे गोल होतात. पक्कड शक्यतो दाखवू नये. ती घराघरात असते, आणि तिच्या दातांचे ओरखडे क्रोमवर कायमचे राहतात. फक्त पक्कडच असेल तर जबड्यांखाली जाड कापड गुंडाळायला सांगावे.

जाणकाराच्या लक्षात येईल अशी एक वस्तू यादीत असायलाच हवी: मोरीच्या जाळीवर टाकायला जुना टॉवेल. मुठीचा स्क्रू एवढासा असतो आणि ओल्या बोटांतून निसटला की थेट जाळीतून खाली जातो. टॉवेल अंथरण्याचे दृश्य पहिल्या स्क्रूच्या आधी यायला हवे.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हे संहितेतच लिहून ठेवावे लागते. या नळाची मूठ वरच्या बाजूला असते. काम करणारा ती वरून बघतो, आणि त्याला सैल करण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिसते. तेच दृश्य आकर्षक वाटावे म्हणून कॅमेरा नळाच्या खाली ठेवून वर रोखला, तर तेच फिरणे काट्यांच्या दिशेने दिसते. बघणारा पडद्यावर दिसते तसे फिरवतो आणि सैल करायचे ते आणखी आवळतो. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा वापरला आणि त्याने चित्र आरशासारखे उलटवून साठवले, तरी हाच घोटाळा होतो. त्यामुळे फिरवण्याचे प्रत्येक दृश्य काम करणाऱ्याच्या खांद्यावरून, मागच्या कॅमेऱ्याने घ्यायचे. आणि निवेदनात ‘असं फिरवा’ म्हणायचे नाही, ‘वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट’ असे पूर्ण म्हणायचे.

नळ उघडण्याचा भाग असा लिहिता येईल:

*दृश्य: खांद्यावरून. मुठीवरचं लाल-निळं झाकण पातळ पात्याने उचकटतात. खाली स्क्रू दिसतो.*
*निवेदन: हे झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. कडेला पातं घाला आणि उचला. खालचा स्क्रू काढून टॉवेलवर ठेवा. आता मूठ सरळ वर ओढा. ती अडली असेल तर खालून दोन्ही बाजूंनी थोडंथोडं उचला. एका बाजूने हिसका देऊ नका.*

*दृश्य: एका हाताने नळाचं धड पकडलेलं, दुसऱ्या हातात पाना. दोन्ही हात चौकटीत.*
*निवेदन: पाना लावण्याआधी डाव्या हाताने नळ घट्ट धरा. जोर स्पिंडलवर पडला पाहिजे, भिंतीवर नाही.*

‘दोन्ही हात चौकटीत’ हे शब्द मी अधोरेखित करीन. बहुतेक व्हिडिओंत कॅमेरा पान्यावर इतका जवळ जातो की नळ धरलेला दुसरा हात चौकटीबाहेर राहतो, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्टच दिसत नाही. जुनी जोडणी गंजून धरलेली असते. नळ न धरता पाना ओढला तर स्पिंडल सैल होण्याऐवजी सगळा नळ भिंतीतल्या एल्बोसकट फिरू लागतो. एल्बो जुन्या लोखंडी पाइपाचा असेल तर आटा मोडतो, सीपीव्हीसीचा असेल तर टाइलच्या आत तडा जातो. मग एवढ्याशा रबरासाठी टाइल फोडायची वेळ येते. इथे निवेदनात थांबण्याची खूणही सांगावी: नळ भिंतीपाशी जरा जरी हलताना दिसला तर पाना खाली ठेवा आणि प्लंबरला बोलवा. अडकलेल्या आट्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे गुंडाळून ठेवले तर क्षार थोडे सुटतात. तेवढे करून बघायला हरकत नाही.

स्पिंडल बाहेर आले की व्हिडिओचा खरा गाभा सुरू होतो. कॅमेऱ्याने इथे रेंगाळायचे. स्पिंडलच्या टोकाला पितळी चकती, तिच्यावर काळा वॉशर आणि त्याला धरून ठेवणारा छोटा नट असतो. काही नळांत ही चकती सुटी असते आणि स्पिंडल उचलताना आतच राहते. ती आत दिसली तर चिमट्याने काढायची, एवढे निवेदनात असावे. जुना वॉशर काढून नव्याशेजारी, एक रुपयाच्या नाण्याजवळ ठेवायचा म्हणजे आकार कळतो. जुन्याच्या तोंडावर सीटच्या कडेने उमटलेली गोल खाच दिसेल. दिवा वरून सरळ न धरता एका बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरला की त्या खाचेची सावली पडते आणि ती ठळक होते. या वर्तुळाला कुठेतरी आडवी चीर गेलेली असेल तर थेंब तिथूनच येत होता. ‘ही बघा चीर’ म्हणून बोटाने दाखवायचे आणि निवेदकाने दोन-तीन सेकंद गप्प बसायचे.

दुकानात वॉशर आणायला जाताना जुना वॉशर बरोबर न्यायला सांगावे. बरेच दुकानदार ‘वायसर’ म्हटल्यावर पटकन देतात, पण अर्धा इंच म्हणून मिळणाऱ्या वॉशरची जाडी आणि मधले भोक सारखे असेलच असे नाही. मोठ्या भोकाचा वॉशर नटाखाली सरकतो आणि सीटवर वाकडा बसतो. चकतीवरचा नट गंजून निघतच नसेल तर चकतीसकट किंवा अख्खे स्पिंडल बदलायचे. तेही जुना नमुना दाखवूनच आणायचे, कारण सगळ्या कंपन्यांचे आटे सारखे नसतात.

वॉशर बदलला म्हणजे काम झाले असे समजून बरेच व्हिडिओ इथे पुढे सरकतात. पण सीट बघितली नाही तर निम्मे काम राहते. नळाच्या पोटातले पाणी फडक्याने टिपून मोबाइलच्या टॉर्चने आत बघितले तर पितळी कडा दिसते. क्षार चढलेले असतील तर ती पांढरट, खडबडीत दिसते. कापूस लावलेली कान साफ करायची काडी त्या कडेवरून गोल फिरवायची. कडा गुळगुळीत असेल तर काडी सरकत जाते. खाच असेल तर तिथे कापसाचे तंतू अडकतात आणि चिकटून राहतात. कॅमेऱ्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा नाही: पितळी कडेवर एका जागी राहिलेला पांढरा तंतू. क्षार असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने ते मऊ करून पुसता येतात. पितळालाच खाच असेल तर नवा वॉशर थोडे दिवस टिकतो आणि मग त्याच रेषेत कापला जातो. अशी सीट घासून सपाट करायचे हत्यार प्लंबरकडे असते. ते नळात तिरपे धरले तर सीट आणखी बिघडते, म्हणून हा भाग मी व्हिडिओत करून दाखवणार नाही. तिथे प्लंबर किंवा नवा नळ, एवढेच सांगीन.

परत जोडताना एक बारकावा आहे. तो निवेदनात ठळकपणे यायला हवा, कारण पडद्यावर तो दिसतच नाही.

*दृश्य: हातात स्पिंडल. मूठ न लावता वरचा दांडा बोटांनी उघडण्याच्या दिशेला फिरवतात, वॉशर वर सरकतो.*
*निवेदन: स्पिंडल नळात बसवण्याआधी ते उघड्या स्थितीत आणा. वॉशर वर गेलेला असला पाहिजे. नाहीतर आवळताना तो सीटवर चिरडला जाईल आणि नवा वॉशर पहिल्याच दिवशी खराब होईल.*

*दृश्य: बोटांनी स्पिंडल फिरवून आत घालतात. पाना अजून टेबलावर.*
*निवेदन: पहिले फेरे फक्त बोटांनी. आटा नीट बसला असेल तर ते सहज जातं. मध्येच अडलं तर आटा वाकडा लागलाय, पूर्ण काढून पुन्हा लावा. बोटांनी पुढे जाईना, की नळ डाव्या हाताने धरा आणि मगच पान्याने साधारण पाव फेरा. तेवढं पुरे.*

‘पाव फेरा’ हे ‘नीट घट्ट करा’पेक्षा कितीतरी चांगले. नीट घट्ट म्हणजे प्रत्येकाच्या मनगटाचा वेगळा जोर. नळ ठिबकायला लागल्यावर तो रोज अधिकाधिक जोराने आवळायची सवय घरातल्या सगळ्यांना लागलेली असते, आणि बऱ्याचदा वॉशर तिनेच कापला गेलेला असतो. नव्या वॉशरनंतर नळ दोन बोटांनी बंद झाला पाहिजे, हे निवेदनात स्पष्ट सांगावे.

पाणी सोडताना नळ उघडाच ठेवायचा आणि मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. पाइपात हवा असते, ती फसफसत बाहेर पडते आणि तिच्याबरोबर काम करताना सुटलेला गंज आणि वाळूही येते. नळ लगेच बंद केला तर तीच वाळू नव्या रबराखाली जाऊन बसते. मिनिटभर पाणी वाहू द्यावे, बादलीत धरावे आणि मग दोन बोटांनी बंद करावे. त्यानंतर, गरम पाण्याच्या नळातून धार येते हे बघून, गिझर चालू करायचे वाक्य.

तपासणीसाठी एक साधे मोजमाप व्हिडिओच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावे. दुरुस्तीआधी गळक्या नळाखाली दहा मिनिटे मापाचा कप ठेवायचा. समजा त्यात 30 मिलिलिटर पाणी जमले. दिवसात अशी दहा मिनिटे 144 वेळा येतात, म्हणजे 4,320 मिलिलिटर, साधारण सव्वाचार लिटर रोज. दुरुस्तीनंतर तोच कप पुसून कोरडा करून तेवढाच वेळ ठेवायचा. बंद केल्याबरोबर तोंडाच्या पोकळीत उरलेले पाणी दोन-चार थेंबांनी बाहेर येते, त्याला गळती समजू नये. कप त्यानंतर ठेवावा. दहा मिनिटांनी कपाचा तळ कोरडा असेल तर काम झाले. ओला असेल तर बघणाऱ्याने सीटच्या क्लोजअपकडे परत जावे, आणि त्यासाठी तो भाग व्हिडिओत कितव्या मिनिटाला आहे हे पडद्यावर लिहून द्यावे.

लांबीचा प्रश्न नेहमी येतो. माझ्या मते हे सगळे सात-आठ मिनिटांत बसते, पण निवेदनाने तेवढा सगळा वेळ भरायचा नसतो. प्रत्येक कृतीनंतर दृश्य पाच-सहा सेकंद स्थिर ठेवावे आणि त्यात पार्श्वसंगीतही नसावे. बघणाऱ्याला ओल्या बोटाने व्हिडिओ थांबवता येत नाही. ती शांतता त्याच्या हातांसाठी असते. शिवाय पाइपातून येणाऱ्या हवेचा आवाज, आटा अडताना होणारी कुरकुर हे त्याला ऐकू यायला हवे, म्हणजे त्याच्या घरी तोच आवाज आला तर तो घाबरणार नाही.

चित्रीकरणाआधी संहिता तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. भंगारवाल्याकडून तसलाच जुना नळ आणून, शिकंज्यात पकडून टेबलावर लावायचा आणि ज्याने कधी नळ उघडलेला नाही अशा घरातल्या कुणालातरी समोर बसवायचे. त्याला काहीही दाखवायचे नाही, फक्त निवेदन वाचून दाखवायचे. तो जिथे ‘कुठल्या बाजूला?’ किंवा ‘किती?’ असे विचारेल, तिथे वाक्य दुरुस्त करायचे. तो ‘म्हणजे कुठला भाग?’ असे विचारेल, तिथे क्लोजअप हवा. आणि न विचारताच त्याने चुकीचे काही केले तर त्या कृतीच्या आधी एक इशारा वाढवायचा.